नवीन हायच्या ब्रेकआउटनंतर एक्सटेन्शनने टार्गेट काढताय? या चुका टाळा

शेअर असो, कमोडिटी असो नाहीतर इंडेक्स, भाव जुना सगळ्यात वरचा हाय तोडून वर गेला की एक अडचण सगळ्यांनाच येते. वर बघायला काही नसतंच. खाली सपोर्ट दिसतो, जुने लो दिसतात, पण वर नुसता पांढरा कागद, तिथे आधी कधी व्यवहारच झालेला नाही तर रेझिस्टन्स कुठून येणार? म्हणून लोक आधीच्या स्विंगची उंची घेतात, तिला ठराविक पटीने वाढवतात आणि वरच्या रिकाम्या जागेत टार्गेटच्या रेषा मारतात, यालाच एक्सटेन्शन म्हणायचं. कल्पना साधी आहे, टूल दोन-तीन क्लिकात ओढलं जातं, आणि नेमकं म्हणूनच चुका पण पटकन होतात, कारण टूल कधी म्हणत नाही की बाबा रे चुकीच्या जागी क्लिक केलंस, ते आपलं मुकाट्याने रेषा काढून देतं.

मी स्वतः या रेषा बरीच वर्षं चुकीच्या ओढल्यात आणि माझ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच निघालं: १.६१८ हा फिबोनाचीचा आकडा पाठ होता, पण तो कशाच्या पट आणि कुठून मोजायचा हे कधी धड विचारलंच नाही. तर त्यावरच सगळ्यात जास्त लिहितो, बाकीच्या चुका ओघात येतील.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊया म्हणजे गोंधळ नको. आकडे काल्पनिक आहेत, रुपये-डॉलर काहीही समजा, फरक पडत नाही. भाव ४१२ वरून निघाला, ५३० पर्यंत गेला, तिथून ४७६ पर्यंत खाली आला आणि मग परत चढून ५३० च्या वर क्लोज झाला, समजा ५३४ ला. ५३० हा त्याचा आतापर्यंतचा सर्वोच्च हाय होता. तर ४१२ ला अ म्हणू, ५३० ला ब आणि ४७६ ला क. अ ते ब ही चढाई ११८ ची, आणि ब ते क हा पुलबॅक ५४ चा, म्हणजे चढाईच्या साधारण ४६ टक्के. डेली चार्ट धरा, आणि एटीआर, म्हणजे एका दिवसात भाव सरासरी किती हलतो तो आकडा, ९ धरा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: "१.६१८ ला टार्गेट आहे" एवढंच म्हणून थांबणं

याच चार्टवर तीन माणसं बसवा, तिघांना १.६१८ एक्सटेन्शन काढायला सांगा, तिघं तीन वेगळे आकडे सांगतील आणि तिघांचंही टूल बरोबर चाललेलं असेल. कारण एक्सटेन्शन या एकाच नावाखाली तीन वेगळी मोजमापं फिरतायत:

```
दोन बिंदूंचं   : अ + पट × (ब − अ)
तीन बिंदूंचं   : क + पट × (ब − अ)
पुलबॅकचं       : क + पट × (ब − क)
```

पहिल्यात चढाईची उंची घेऊन ती चढाईच्याच तळापासून मोजतो. ४१२ अधिक १.६१८ गुणिले ११८, म्हणजे ६०२.९. दुसऱ्यात उंची तीच ११८ ची, पण मोजायला सुरुवात पुलबॅकच्या तळापासून, म्हणून ४७६ अधिक १९०.९, उत्तर ६६६.९. तिसऱ्यात उंचीच बदलते, चढाई सोडून फक्त पुलबॅकचे ५४ घ्यायचे, ते १.६१८ ने वाढवून ४७६ मध्ये मिळवायचे, उत्तर ५६३.४.

आता बघा, ५६३, ६०३ आणि ६६७. एन्ट्री ५३४ ची असेल तर पहिल्याला २९ चा फायदा दिसतोय आणि शेवटच्याला १३३ चा, चौपटीहून जास्त फरक, आणि दोघंही छातीठोकपणे सांगतायत की आमचं टार्गेट १.६१८ चं आहे. कुणाचा तरी चार्ट बघून आपण "हो हो माझंही तेच" म्हणतो ना, तिथे घात होतो.

यातलं बरोबर कुठलं? तिन्ही बरोबरच आहेत, फक्त तीन वेगळे प्रश्न विचारतात. तीन बिंदूंचं मोजमाप विचारतं की पहिली चढाई जेवढी झाली तेवढीच, किंवा तिच्या अमुक पट, दुसरी चढाई क पासून झाली तर भाव कुठे जाईल. पुलबॅकचं मोजमाप विचारतं की जेवढा खाली आला त्याच्या मानाने किती वर उसळेल, त्यामुळे पुलबॅक उथळ असला की त्याची टार्गेट्स फार जवळ येतात, नुसती ब च्या डोक्यावर बसल्यासारखी. दोन बिंदूंचं मोजमाप क कडे बघतच नाही, पुलबॅक १० चा झाला काय आणि ८० चा झाला काय त्याचं उत्तर तेच, म्हणून मला ते एकट्याने वापरायला आवडत नाही, पण दुसऱ्या आकड्याची पडताळणी करायला बरं पडतं.

माझी सवय सांगतो, नियम म्हणून नाही. ब्रेकआउटनंतरचं मुख्य टार्गेट मी तीन बिंदूंच्या १.० वर धरतो, म्हणजे ४७६ अधिक ११८, ५९४. १.० हा तसा फिबोनाचीचा खास आकडा वगैरे नाही, "मागच्याएवढीच चढाई परत" इतकाच त्याचा अर्थ, जुने लोक याला मेजर्ड मूव्ह म्हणतात. त्याच्या आधी ०.६१८ चा थांबा, ४७६ अधिक ७२.९, म्हणजे ५४८.९. आणि १.६१८ म्हणजे ६६६.९ हा फक्त उरलेल्या क्वांटिटीसाठी, तिथे जाईलच असं धरून प्लॅन करत नाही.

टूल ओढलं आणि रेषा खालीच गेल्या

हा प्रकार इतक्या जणांना होतो की वेगळा सांगायला पाहिजे. दोन क्लिकचं `Fib Retracement` टूल लोपासून हायपर्यंत ओढलं की बऱ्याच प्लॅटफॉर्मवर ० हायला बसतो आणि १ लोला, कारण ते टूल मुळात हायपासून खाली किती आलं हे मोजायला बनवलंय. मग १.६१८ ची रेषा कुठे जाणार? लोच्याही खाली, आपल्या उदाहरणात ३३९ ला. ती बघून माणूस चक्रावतो आणि मग सेटिंगमध्ये काहीतरी खाटखुट करत बसतो.

उपाय दोन. एक तर तेच टूल उलटं ओढा, हायवर आधी क्लिक आणि लोवर नंतर, मग १.६१८ बरोबर ६०२.९ ला दिसेल. नाहीतर ओढणं तसंच ठेवा आणि लेव्हलच्या यादीत उणे ०.२७२ आणि उणे ०.६१८ टाका, त्या ५६२.१ आणि ६०२.९ लाच येतात, म्हणजे दोन बिंदूंच्या १.२७२ आणि १.६१८ चंच दुसरं नाव. तीन बिंदूंचं हवं असेल तर मात्र टूलच वेगळं घ्यायचं, त्याचं नाव साधारण `Trend-Based Fib Extension` असं असतं आणि ते तीन क्लिक मागतं: अ, ब, क याच क्रमाने.

यात एक आडवळणाची चूक पण होते. कुणीतरी सांगितलेलं असतं की "उलटं ओढ", मग माणूस ब पासून उलटं ओढायला जातो आणि दुसरा क्लिक अ ऐवजी क वर करतो, कारण नजरेसमोर जवळचा तळ तोच असतो. झालं, नकळत पुलबॅकचं मोजमाप तयार, १.६१८ ला ६०३ च्या जागी ५६३ आलं आणि आपण तिथेच सगळं विकून मोकळे.

पकडायचं कसं? टूल ओढल्यावर एक लेव्हल कॅल्क्युलेटरवर करून बघा, अर्धं मिनिट लागतं. वरच्या तीन ओळींपैकी जी तुम्हाला अपेक्षित आहे तिचं उत्तर आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला तर ठीक. नाही जुळला तर बाकी दोन ओळी लावून बघा, बहुतेक वेळा कुठलीतरी एक जुळेल आणि क्लिक कुठे चुकला ते कळेल. तिन्ही नाही जुळल्या तर स्केलचा प्रश्न आहे, तो पुढे येतोच.

स्विंग कुठला धरायचा

इथे लोक हवं ते टार्गेट डोक्यात ठेवून मग त्याला साजेसा स्विंग शोधतात. खरंच. मी पण केलंय. ५९४ कमी वाटलं की अजून मागे जायचं, दोन वर्षांपूर्वीचा लो पकडायचा, आणि बघ बघ ८०० पर्यंत जागा आहे.

एक कसोटी लावली की बराच गोंधळ मिटतो: ब हा तोच हाय पाहिजे जो आत्ता तुटला. ब्रेकआउट ५३० चा आहे ना, मग ब म्हणजे ५३०, दुसरं काही नाही. अ म्हणजे ज्या तळापासून भाव मोठा पुलबॅक न देता त्या ५३० पर्यंत गेला तो तळ. आणि क म्हणजे ५३० झाल्यापासून परत ५३० तुटेपर्यंत मधे जो सगळ्यात खालचा लो लागला तो. सगळ्यात खालचा, शेवटचा नव्हे. आपल्या उदाहरणात समजा ४७६ नंतर भाव ५२७ पर्यंत आला, तिथून ५१८ पर्यंत एक छोटी डुबकी मारली आणि मग ब्रेकआउट दिला, तर क ४७६ च आहे, ५१८ नाही. ५१८ ला क धरलं तर १.० चं टार्गेट ६३६ येतं, ४२ ने फुगलेलं, आणि भाव ५९५ वरून फिरला की आपण म्हणणार एक्सटेन्शन चालत नाही.

विक, म्हणजे कँडलच्या वर-खाली निघालेली बारीक काडी, धरायची की क्लोज, यावर लोक तासनतास वाद घालतात, माझं मत असं की काहीही धरा पण तिन्ही बिंदूंना एकच धरा. अ विकचा, ब क्लोजचा, क परत विकचा अशी खिचडी केली तर ती रेषा कुणालाच काही सांगत नाही. मी विक धरतो. अपवाद एकच, एखादी विक अगदीच खुळ्यासारखी लांब आणि एकाच कँडलची असेल, चुकीच्या ऑर्डरमुळे झाल्यासारखी, तर ती सोडून देतो, पण मग त्या चार्टवर तसं लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने माझंच मला कळत नाही की हा आकडा आणला कुठून.

अजून एक म्हणजे ब्रेकआउट होईपर्यंत क पक्का नसतो. भाव ५१० ला असताना काढलेली टार्गेट्स ही कच्चीच, तो परत ४६८ ला गेला तर क बदलला आणि तीन बिंदूंच्या सगळ्या रेषा ८ ने खाली आल्या. ब्रेकआउट क्लोज झाल्यावर मात्र बिंदू गोठवायचे. त्यानंतर हात लावायचा नाही.

लॉग स्केल आणि साधा स्केल

चढाई छोटी असेल तर याने फार बिघडत नाही, पण मोठी असेल तर टार्गेट भलतीकडेच जातं. साध्या स्केलवर आपण ११८ पॉइंट परत मिळवतो. लॉग स्केलवर टक्के परत मिळवतो: ४१२ चे ५३० झाले म्हणजे १.२८६ पट, मग ४७६ ला १.२८६ ने गुणा, ६१२ येतं. ५९४ आणि ६१२, १८ चा फरक, म्हणजे दोन दिवसांची हालचाल, चालून जाईल. पण जिथे भाव १०० वरून २५० झाला, १८० ला आला आणि मग २५० तुटलं तिथे बघा, साधं १.० सांगतं ३३० आणि लॉगवालं १.० सांगतं ४५०. दोन वेगळ्या दुनिया.

घोळ असा होतो की चार्ट लॉगवर ठेवलेला असतो आणि टूल आतून साध्या पॉइंटवर मोजत असतं, काही प्लॅटफॉर्मवर टूलच्या सेटिंगमध्ये लॉगप्रमाणे लेव्हल काढायचा वेगळा टिक असतो आणि तो बंद असतो. म्हणजे डोळ्यांना एक दिसतं आणि रेषा दुसऱ्याच हिशोबाने. परत तेच, कॅल्क्युलेटरवर एक लेव्हल तपासली की कळतं. मी अ ते ब चढाई ५० टक्क्यांच्या आत असेल तर साधा स्केल वापरतो, त्याच्या वर गेली की दोन्ही काढतो, आणि मोठा फरक आला तर जवळचा आकडा प्लॅनसाठी धरतो, लांबचा फक्त नोंदवून ठेवतो.

शेअरच्या बाबतीत स्प्लिट किंवा बोनस झाला असेल तर जुने भाव अॅडजस्ट झालेले आहेत की नाही तेवढं बघा, नसतील तर अ आणि ब वेगवेगळ्या दुनियेतले निघतात. फ्युचरमध्ये महिना बदलताना जोडलेल्या चार्टचंही तसंच.

इतक्या रेषा की कुठेही थांबलं तरी "बघ लेव्हलवरच थांबलं"

कन्फ्लुअन्स हा शब्द सगळ्यांना आवडतो, दोन-तीन मोजमापं एकाच जागी आली की ती जागा महत्त्वाची. तत्त्व ठीक आहे, आपल्या चार्टवरही दिसतं, दोन बिंदूंचं १.२७२ येतं ५६२.१ ला आणि पुलबॅकचं १.६१८ येतं ५६३.४ ला, अगदी गळ्यात गळे घालून. पण जरा मोजून बघा. दोन बिंदूंचे १.२७२, १.६१८ आणि २.०, तीन बिंदूंचे ०.६१८, १.०, १.२७२ आणि १.६१८, पुलबॅकचे १.२७२, १.६१८, २.० आणि २.६१८, अशा एकूण ११ रेषा झाल्या, आणि त्या सगळ्या ५३० ते ६७० या १४० पॉइंटच्या पट्ट्यात. म्हणजे सरासरी दर पावणेतेरा पॉइंटला एक रेष, आणि भाव एका दिवसात ९ हलतो. आता भाव कुठेही थांबला तरी जवळपास एक रेष सापडणारच, त्यात रेषेचं कौतुक काय!

म्हणून आधी ठरवा कुठलं मोजमाप मुख्य, त्याच्या तीन लेव्हल ठेवा, आणि दुसऱ्या मोजमापाच्या फक्त त्या लेव्हल ठेवा ज्या मुख्य रेषेच्या एका एटीआरच्या आत येतात. आपल्याकडे ५९४ च्या जवळ दोन बिंदूंचं ६०२.९ येतं, अंतर ८.९, एटीआर ९, कसंबसं आत. मग मी ५९४ ते ६०३ असा पट्टा रंगवतो आणि बाकीचं पुसून टाकतो. ५६२-५६३ ची जोडी इतकी छान जुळलीय की ती पण एक पट्टा म्हणून ठेवतो, तेवढा मोह चालतो. ५४८.९ आणि ६६६.९ च्या रेषा राहतात. झाला चार्ट.

आणि हो, रेषेवर नेमकी विक्रीची ऑर्डर लावू नका, ५९४ दिसतंय म्हणून ५९४ लाच लिमिट. भाव ५९२ वरून फिरला की रात्री झोप लागत नाही. मी चतुर्थांश एटीआर अलीकडे लावतो, इथे साधारण दोन पॉइंट, म्हणजे ५९२ च्या आसपास.

टार्गेट मोठ्या चार्टचं, स्टॉपलॉस छोट्या चार्टचा

ही चूक कागदावर फार सुंदर दिसते म्हणून सांगतो. एन्ट्री ५३४. स्टॉपलॉस त्या ५१८ च्या डुबकीखाली, ५१६ ला, म्हणजे रिस्क १८. टार्गेट तीन बिंदूंचं १.६१८, ६६७, म्हणजे फायदा १३३. भागाकार करा, एकास सात आणि वर थोडं. असला ट्रेड कोण सोडेल?

गडबड अशी की १८ चा स्टॉप म्हणजे दोन दिवसांची हालचाल, आणि ६६७ ला जायला भावाला कितीतरी आठवडे लागतील, वाटेत तो एक-दोन पुलबॅक देणारच, आणि मागचा पुलबॅक ५४ चा होता हे आपल्या डोळ्यासमोर आहे. १८ चा स्टॉप तसाच ओढत वर नेला तर तसल्या पुलबॅकमधून तो वाचायची शक्यता फारच कमी. म्हणजे तो सातचा आकडा खरा नाही, तो दोन वेगळ्या मापांचा भागाकार आहे.

स्विंगचंच टार्गेट पाहिजे तर स्विंगचाच स्टॉप लावून बघा. क च्या खाली ४७४, रिस्क ६०. मग ५९४ म्हणजे बरोबर एकास एक, आणि ६६७ म्हणजे एकास सव्वादोन. एकदम जमिनीवर आलो ना? आणि ५४९ चं पहिलं टार्गेट तर ६० ची रिस्क घेऊन १५ कमवायचं, ते टार्गेट या स्टॉपसोबत वापरण्यात काही अर्थच नाही. उलट ५१६ चा जवळचा स्टॉप घेतला तर ५६३ ला एकास १.६ आणि ५९४ ला एकास ३.३, हे जुळतं, पण मग ५१६ लागेल हे पण मान्य करून बसायचं, कारण ब्रेकआउटनंतर भाव परत ५३० ला विचारायला येतो तेव्हा ५२२-५२४ पर्यंत घसरणं काही विशेष नाही.

थोडं थोडं बुक करणाऱ्यांनी अजून एक हिशोब एन्ट्रीच्या आधी करावा. समजा ३०० क्वांटिटी, स्टॉप ५१६, एकूण रिस्क ५,४००. शंभर ५४८ ला विकली, १,४०० आले. शंभर ५६१ ला, २,७०० आले. उरलेली शंभर भाव परत आल्यामुळे एन्ट्रीच्याच भावाला निघाली. दोन टार्गेट लागली, मित्रांना स्क्रीनशॉट पाठवून झाले, आणि हातात आले ४,१००, म्हणजे घेतलेल्या रिस्कपेक्षाही कमी. आणि जर पहिलं टार्गेट लागून मग स्टॉप लागला तर १,४०० वजा ३,६००, सरळ २,२०० चा तोटा. जवळच्या टार्गेटला मोठा हिस्सा विकण्याची ही किंमत आहे. मी ५४८ ला काहीच विकत नाही हल्ली, फक्त तिथे भाव कसा वागतो ते बघतो, निम्मी क्वांटिटी ५६१ ला आणि निम्मी ५९२ ला. दोन्ही लागले तर ४,०५० आणि ८,७०० मिळून १२,७५०, एकास २.४ च्या जवळपास. यात दुसरी बाजू पण आहे, ५५० वरून फिरला तर हातात काहीच येत नाही, आणि तसं होतं पण.

रेषा कधी मोडीत काढायच्या

एक्सटेन्शन एका अटीवर उभं आहे, की ब तुटला आणि भाव त्याच्या वर टिकला. भाव ५३० च्या खाली क्लोज झाला की मी सावध होतो, एखादा दिवस चालतं, रिटेस्ट असतो. पण ५१८ च्या त्या डुबकीखालीही क्लोज दिला तर ब्रेकआउट फसला असं धरून ५९४ विसरायचं. तसाही तोपर्यंत माझा स्टॉप जवळच आलेला असतो. आणि ४७६ च्या खाली गेला तर क च राहिला नाही, सगळं टूल पुसा. लोक काय करतात की स्टॉप लागतो, रेषा मात्र चार्टवर तशाच राहतात, आणि दोन आठवड्यांनी त्या रेषांकडे बघून "टार्गेट अजून बाकी आहे" म्हणून परत घेतात. कसलं टार्गेट बाकी, ज्या चढाईसाठी काढलं होतं ती चढाईच झाली नाही.

याच्या उलट चूक म्हणजे रोज नवीन टूल ओढणं. पुढचा प्रवास असा झाला समजा: ५३४ वरून ५४६, तिथून रिटेस्टला ५२४, स्टॉप थोडक्यात वाचला, मग ५६५ पर्यंत विक, ५५७ ला क्लोज, म्हणजे ५६२-५६३ च्या पट्ट्यात विक्री आली. तिथून ५४१ पर्यंत घसरण. आता ५४१ ला असताना नवीन टूल ओढायची खाज सुटते, थांबा, ५६५ तुटू द्या. तुटलं की नवीन त्रिकूट तयार होतं, अ ४७६, ब ५६५, क ५४१. चढाई ८९ ची. त्याचं ०.६१८ येतं ५९६ ला आणि १.० येतं ६३० ला.

आता जुन्या रेषा शेजारी ठेवून बघा. जुनं १.० होतं ५९४ आणि नवीन ०.६१८ आलं ५९६. जुनं १.२७२ होतं ६२६ आणि नवीन १.० आलं ६३०. हे कन्फ्लुअन्स मला जास्त पटतं, कारण दुसरी रेष आधीच्याच स्विंगला वेगळ्या पट लावून निघालेली नाही, भावाने मधे खराखुरा नवीन पुलबॅक दिला आणि त्यातून ती आली. तरी यातही पूर्ण स्वतंत्रपणा नाही हे लक्षात असू द्या, नवीन अ म्हणजे जुना क च आहे.

असं जुळलं तरी मी ५९२ ची विक्री तिथेच ठेवतो, पुढे ढकलत नाही. फक्त काही क्वांटिटी ६२६ ते ६३० साठी ठेवायची असेल तर तिचा स्टॉप आता ५४१ च्या खाली घेतो, कारण नवीन टार्गेट ज्या क वरून निघालं तोच त्याचा आधार आहे, ५३९ लागलं तर ६३० चा विषयच संपला.